मधल्या मंदाताई

माझा दंतवैद्य, माझी जुनी टोयोटा आणि माझी नोकरी, या तिन्हींच्या मुळाशी मंदाताई वझरकरांची एकेक ईमेल आहे. पैकी दंतवैद्याबद्दल मी त्यांना अजून पूर्ण माफ केलेलं नाही. बाकी दोन्ही छान चालू आहेत.

ऑस्ट्रेलियातल्या मिल्डुरा गावात मातीची तपासणी करणारी आमची एक प्रयोगशाळा आहे. मी मागच्या खोलीत माती चाळतो. मंदाताई पुढे काउंटरवर बसतात आणि गावाला चाळतात. द्राक्षवाले, संत्रीवाले, बदामवाले, सगळे मातीच्या पिशव्या घेऊन त्यांच्यासमोर येऊन उभे राहतात. पिशवीवर नाव लिहून होईपर्यंत कुणाला पंप दुरुस्त करणारा हवा आहे आणि कुणाच्या भाच्याला हिशेबनीस म्हणून काम हवं आहे, हे ताईंना कळलेलं असतं. मग दुपारी जेवणाच्या सुट्टीत, डाव्या हातात पोळीची गुंडाळी धरून उजव्या हाताच्या एका बोटानं त्या ईमेल लिहितात. या बोटानं मिल्डुरात जेवढी माणसं जोडली तेवढी नदीवरच्या पुलानंही जोडली नसतील.

पण त्यांची पद्धत कडक. आधी दोघांना वेगवेगळं विचारणार. "न विचारता ओळख करून देणं म्हणजे न सांगता कुणाच्या घरी पाहुणा नेऊन बसवणं," असं त्या म्हणतात. दोघांनी हो म्हटलं की मग इंग्रजीत एकच ईमेल, दोघांनाही. विषयाच्या जागी दोघांची नावं. आत याच्याबद्दल चार ओळी, तिच्याबद्दल चार ओळी, तुम्ही दोघांनी का भेटावं याची एक ओळ, आणि शेवटी, आता तुमचं तुम्ही बघा. बस. आणि दोघांपैकी एक जण आपल्याकडचा असला तर त्याला लगेच मागोमाग एक मराठी चिठ्ठी. ती वेगळी, फक्त त्याला.

"त्याच ईमेलमध्ये खाली दोन ओळी मराठीत लिहिल्या तर?" मी एकदा विचारलं होतं.

"रेगे, तुम्ही चार माणसांत बसून एकाच्या कानाशी लागता का?"

"नाही."

"मग."

मराठी चिठ्ठीत काय असतं ते मला पाठ आहे, कारण मलाही आली होती. उत्तर पहिलं तुम्ही द्यायचं, कारण गरज तुम्हाला आहे. आजच द्यायचं. सुरुवातीला माझे आभार मानायचे आणि मला बीसीसीत टाकायचं. म्हणजे पत्र गेल्याचं मला कळतं, पण पुढच्या उत्तरांच्या रांगेतून मी गळते. पुढे तुम्ही भेटा, भांडा, भागीदारी करा, मला एका शब्दानं कळवू नका.

"मला काही कळलं नाही म्हणजे जमलं," हे ताईंचं मोजमाप. त्यामुळे त्यांचा इनबॉक्स जितका शांत तितक्या त्या खूश. इतरांना शांततेची भीती वाटते. या बाई शांततेवर चहा पितात.

आता संग्रामची गोष्ट सांगतो.

संग्राम ऐनापुरे तासगावचा. राहुरीहून शेतीची एमएस्सी करून द्राक्षबागांना सल्ला देत पंचक्रोशीत मोटारसायकलवरून फिरलेला माणूस. बायको पल्लवी नर्स, तिला इथल्या वृद्धाश्रमात काम मिळालं म्हणून दोघं मिल्डुरात आले. पल्लवी पहिल्या आठवड्यात गावाची झाली. वृद्धाश्रमातल्या आज्या तिला आपल्या नातवंडांची लफडी सांगू लागल्या. संग्राम मात्र पॅकिंग शेडमध्ये फोर्कलिफ्ट चालवत होता. ज्या द्राक्षांना तो वेलीवर वाढवायचा, ती आता खोक्यांत घालून ट्रकवर चढवायची. हंगाम संपत आला होता आणि हंगामाबरोबर शेडमधलं कामही. मेलबर्नला पल्लवीच्या भावाचं गोदाम होतं. तिथं ये, असा त्याचा आग्रह. पल्लवीला जायचं नव्हतं, संग्रामला जायचं नव्हतं, पण घरात खोकी येऊन पडली होती आणि कपाटावरची फुलदाणी कागदात गुंडाळून झाली होती.

"फुलदाणीपर्यंत आलंय?" ताई म्हणाल्या. "मग घाई केली पाहिजे."

घाई करायला जागा होती. ग्लेनिस ट्रेझाइज ही इथल्या बेदाणे उत्पादकांच्या गटाची कर्ती बाई. त्यांचा जुना सल्लागार निवृत्त होऊन समुद्रकाठी मासे धरायला निघून गेला होता. छाटणी सुरू व्हायच्या आत तिला नवा माणूस हवा होता. अॅडलेडचा एक जण जवळजवळ ठरलाही होता, पण त्यानं मुलाखतीला पांढरे बूट घातले होते, म्हणून ग्लेनिसनं त्याला आठवडाअखेर कळवते असं सांगून लटकावून ठेवलं होतं. ताईंनी तिला विचारलं, ती म्हणाली, "पाठव." संग्रामला विचारलं, तो म्हणाला, "ताई, तुम्ही म्हणाल तसं." सोमवारी दुपारी पोळीची गुंडाळी डाव्या हातात आली.

पाठवण्याआधी ताईंनी ती ईमेल मला वाचून दाखवली. ग्लेनिसबद्दल लिहिलं होतं की हिला बेदाण्यातलं सगळं कळतं आणि लांबलचक ईमेल अजिबात आवडत नाहीत. संग्रामबद्दल लिहिलं होतं की आठ वर्षं द्राक्षबागांत काढलेला हा माणूस आहे, कुणाची वेल का रुसली हे तो चालता चालता सांगतो, आणि याच्याबरोबर दुकानात जायला निघालं तर तासभर लागतो, कारण वाटेतल्या प्रत्येक कुंपणाशी थांबून हा परक्यांच्या वेली बघत बसतो.

"जास्त झालं का हो?" ताईंनी विचारलं.

"कुंपणाचं खरं आहे. मी बरोबर होतो. दूध नासलं माझं."

ईमेल गेली. मागोमाग मराठी चिठ्ठी गेली.

संग्राम आज्ञाधारक. त्यानं उत्तर त्याच दिवशी दिलं, आणि पहिलं दिलं. इथवर शंभरपैकी शंभर. संध्याकाळी निघताना ताईंनी फोनवर ते उत्तर उघडलं आणि त्या हातातल्या पर्ससकट खुर्चीत परत बसल्या.

"रेगे, इकडे या. हे वाचा. मला चष्म्याचा दोष वाटतोय."

चष्म्याचा दोष नव्हता. संग्रामनं इंग्रजीत जे लिहिलं होतं ते मराठीत असं होतं: आदरणीय मॅडम, मंदा मॅडमनी माझ्याबद्दल प्रेमापोटी फारच जास्त लिहिलं आहे. मी अजून या विषयाचा विद्यार्थी आहे. इथल्या जमिनीबद्दल मला काहीच माहिती नाही. आपण मार्गदर्शन केलंत तर मी आपला ऋणी राहीन.

आणि वर, पत्त्यांच्या ओळीत, मंदाताईंचं नाव जिथल्या तिथं. बीसीसीचा पत्ता नाही.

"निदान नम्र आहे," मी म्हणालो.

"नम्र? अहो, मी मुलगा दाखवायला नेला आणि हा दारातच म्हणतोय, मला कमी ऐकू येतं!"

मंगळवारी सकाळी ग्लेनिसचं उत्तर आलं. ताईंचं नाव रांगेत तसंच होतं, म्हणून त्यांनाही आलं. ग्लेनिसनं लिहिलं होतं: संग्राम, मोकळेपणानं सांगितलंस, आवडलं. आम्हाला मात्र काम येणारा माणूस हवा आहे, शिकवायला आमच्याकडे वेळ नाही. तुला शुभेच्छा.

ताईंनी तिथल्या तिथं फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मला वाटतं, साक्षीदार हवा होता.

"संग्राम, मी तुला चिठ्ठीत काय लिहिलं होतं?"

"ताई, तुम्ही लिहिलं होतं लगेच उत्तर दे. दिलं की."

"आणि मला काढ असं नव्हतं लिहिलं?"

"लिहिलं होतं, पण ताई, तुम्ही एवढं केलंसा माझ्यासाठी, आणि पहिल्याच पत्रात तुम्हाला बाहेर काढायचं? बरं दिसतंय का ते?"

"आणि मला काहीच माहिती नाही, हे कशाला?"

"आता तुम्ही लई कौतुक केलेलं. त्याच्या खाली मी गप बसलो तर ती बाई म्हणंल, बघा, ह्याला हे सगळं खरंच वाटतंय."

पलीकडून पल्लवीचा आवाज आला. फोन बहुधा तिनं ओढून घेतला. "ताई, ह्यांचं हे आजचं नाही. आमच्या बघण्याच्या कार्यक्रमात मध्यस्थांनी सांगितलं, मुलाची आठ एकर बाग आहे. हे चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, साडेपाच आहे, आणि त्यातली दीड एकर काकांची. मध्यस्थ चहात बुडायच्या बेतात!"

"मग तुझ्या वडिलांनी काय केलं?"

"बाबा तिथंच हो म्हणाले! म्हणाले, हाच मुलगा पाहिजे. पण ताई, बाबा तासगावचे होते. ही बाई मिल्डुराची आहे."

"हं," मंदाताई म्हणाल्या. त्या नुसतं "हं" म्हणाल्या की मला भीती वाटते. "पल्लवी, फुलदाणी खोक्यात गेली का?"

"अजून वर आहे."

"वरच राहू दे."

मी विचारलं, "आता ग्लेनिसला लिहिणार? की बाई, तो तसं म्हणाला त्याचा अर्थ असा?"

"छे. एकदा ओळख करून दिली की मी मध्ये पडत नाही. आणि असं समजावून सांगितलं की माणूस आणखी लहान होतो. वकील केल्यासारखं दिसतं."

"मग?"

"ग्लेनिसच्या मातीच्या पिशव्या यायच्यात ना या आठवड्यात?"

पिशव्या बुधवारी आल्या. ग्लेनिस ट्रेझाइज उंच, उन्हानं खरपूस भाजलेली, बोलण्यात कमालीची काटकसरी. काउंटरवर पिशव्या ठेवल्या, टोपी काढली, एवढेच तिचे नमस्कार-चमत्कार. ताईंना ती मँडा म्हणते. मी मागच्या खोलीत चाळणी हातात धरून उभा होतो. चाळत नव्हतो. चाळणीचा आवाज होतो.

"काय गं, बेदाणे कसे झाले यंदा?" ताईंनी विचारलं.

"बरे झाले."

"बरे म्हणजे?"

"म्हणजे, वाईट नाहीत."

"सगळ्यात वरच्या प्रतीत गेले का?"

"गेले."

"सगळे?"

ग्लेनिसनं टोपीवरचा एक अदृश्य किडा झटकला. "बहुतेक सगळे."

"कमाल आहे तुझी. परवा तो जर्मनीचा खरेदीदार आला होता, त्याला काय सांगितलंस?"

"हेच."

"वाईट नाहीत म्हणून सांगितलंस आणि त्यानं घेतले?"

"घेतले की. का नाही घेणार?"

"अगं, विकणारीच म्हणते वाईट नाहीत, तर मी असते तर म्हटलं असतं, जाऊ दे बाई, चांगले असतील तिथून घेते."

"मँडा, काहीतरीच काय बोलतेस? इथं असंच म्हणतात. उगाच कोण सांगत सुटेल, माझे सगळ्यात चांगले, माझे सगळ्यात चांगले? तसं सांगणाऱ्याकडून मी तरी एक दाणा घेणार नाही."

"खरंय," ताई म्हणाल्या. पिशवीवर नाव लिहिता लिहिता, वर न बघता, त्या पुढे म्हणाल्या, "त्याच्या गावातही असंच बोलतात."

"कुणाच्या?"

ताई लिहीत राहिल्या. आमच्या पिशव्यांवर नाव, शेत, तारीख एवढंच लिहायचं असतं, पण त्या दिवशी ताईंनी सुंदर हस्ताक्षर काढलं.

ग्लेनिस काउंटरला टेकली. मग हळूच म्हणाली, "मँडा, त्यानं लिहिलंय की मला काहीच माहिती नाही. काहीच नाही म्हणजे किती माहिती?"

"ते मला काय विचारतेस? त्याला विचार. पण काउंटरवर नको, बागेत उभा करून विचार."

ग्लेनिसनं टोपी घातली. दारापर्यंत गेली, परत वळली. "आणि अॅडलेडचा तो, पांढऱ्या बुटांचा. त्यानं पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं की त्याला सगळं येतं."

"असेलही येत."

"हो. असेलही," ग्लेनिस म्हणाली, पण तिच्या चेहऱ्यावर त्या बुटांची सावली पडली.

ती गेल्यावर मी चाळणी खाली ठेवून बाहेर आलो. "मध्ये पडत नाही म्हणे!"

"मी कुठे पडले? मी बेदाण्यांची चौकशी केली."

दुपारी संग्रामचा फोन आला, आवाज छतापर्यंत. "ताई, बाईंचं पत्र आलंय! उद्या सकाळी या म्हणतात. बूट घालून या म्हणतात. ताई, कुठले बूट?"

"चिखलाचे, बाळा. तुझे जुने चिखलाचे."

"काय लिहू आता? तुम्ही सांगा, मी लिहितो."

ताईंनी पुन्हा मराठी चिठ्ठी लिहिली. ही फार छोटी होती. येतो म्हण. वेळ लिही. मला बीसीसीत टाक. स्वतःबद्दल एक अक्षर लिहिलंस, चांगलं किंवा वाईट, तर मी तुला मेलबर्नला स्वतः सोडून येईन.

पल्लवीनं नंतर सांगितलं की येतो आणि वेळ हे दोन मिनिटांत झालं. ताईंचं नाव वरच्या ओळीतून उचलून खाली न्यायला मात्र पाऊण तास लागला. संग्राम म्हणत होता, "हात उचलंना. तुळशीवृंदावन हलवल्यागत वाटतंय." शेवटी ती म्हणाली, "हलवत नाही ओ, सावलीत नेऊन ठेवतोय," आणि तिनं त्याचं बोट धरून बटण दाबलं. पत्र आलं ते असं: मंदाताईंचे मनापासून आभार, त्यांना आता बीसीसीत नेत आहे. ग्लेनिस, उद्या आठ वाजता येतो.

ताईंनी ते मला तीनदा वाचून दाखवलं. एवढ्या आनंदानं स्वतःच्या गच्छंतीचं पत्र वाचणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

गुरुवारी पल्लवीची सकाळची पाळी, गाडी तिच्याकडे. म्हणून संग्रामला माझ्या टोयोटातून न्यायचं ठरलं, आणि ताई "वाट दाखवायला" आल्या. त्या वाटेवर वळण नाही. बरोबर त्यांनी डबाभर चकल्या घेतल्या होत्या. "ग्लेनिससाठी," असं म्हणाल्या.

बागेच्या फाटकाशी ग्लेनिस तिच्या ट्रकला टेकून उभी होती. मे महिना, म्हणजे इथली कोवळी थंडी, वेलींची पानं पिवळी पडून अर्धी गळालेली. संग्राम उतरला. बूट इतके चिखलाचे होते की ग्लेनिस आधी त्याच्या पायांकडे बघून हसली, मग चेहऱ्याकडे बघितलं. मी दार उघडायला गेलो तर ताईंनी माझी बाही धरली.

"कुठे निघालात?"

"ओळख करून द्यायला नको?"

"ओळख सोमवारी झाली. आता आपण बीसीसीत."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण आहोत, पण दिसायचं नाही. खाली सरका."

मी सहा फूट. टोयोटात मी खाली सरकतो म्हणजे गुडघे हॉर्नला लागतात. तरी सरकलो. ताईंनी काच दोन बोटं खाली केली. ऐकू काही येत नव्हतं, वारा उलटा होता. दिसत तेवढं होतं. ग्लेनिस बोलत होती, संग्राम मान खाली घालून ऐकत होता. हात मागे बांधलेले, हेडमास्तरांपुढे उभा असल्यासारखा.

"हात सोड," ताई पुटपुटल्या. "हात सोड रे, मेल्या."

ग्लेनिसनं एका वेलीकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. संग्रामनं मान हलवली. नाही अशी. ताईंनी डोळे मिटून घेतले. "संपलं. पुन्हा म्हणाला, मला काही माहिती नाही."

"डोळे उघडा," मी म्हणालो.

संग्राम वेलीपाशी गेला होता. त्यानं एक काडी हातात धरली, वाकवली, अंगठ्यानं चाचपली. मग खाली गुडघ्यांवर बसला. खिशातून छोटं पातं काढलं, काडीवरचा एक डोळा, कोंब फुटतो ती गाठ, आडवा कापला आणि भिंग लावून त्यात बघू लागला. त्या डोळ्याच्या आत पुढच्या हंगामाचा घड असतो किंवा नसतो. असे किती घड आहेत ते बघून छाटणीत काडी किती लांब ठेवायची ते ठरतं. तासगावात तो हेच करत असे. आता त्याचे हात सुटले होते. तो बोलत होता, काडी दाखवत होता, शेजारच्या वेलीकडे जाऊन तिथलीही एक काडी कापत होता. परक्या कुंपणाशी थांबणारा माणूस पहिल्यांदाच कुंपणाच्या आत होता.

आणि मग ग्लेनिस ट्रेझाइज, ती उंच, काटकसरी बाई, टोपी मागे सारून त्याच्या शेजारी मातीत गुडघ्यांवर बसली आणि तिनं भिंग मागून घेतलं.

"झालं," मंदाताई म्हणाल्या.

"अजून काही ठरलं नाही."

"रेगे, ती गेली दहा वर्षं गुडघा दुखतो म्हणून चर्चमध्येसुद्धा गुडघे टेकत नाही."

दोघं उठले ते वाद घालतच. ग्लेनिस पलीकडच्या रांगेकडे हात करत होती, संग्राम डोकं हलवत होता, या वेळी ठामपणे, नम्रतेचा लवलेश न ठेवता. ग्लेनिसनं ट्रकचं दार उघडलं, हा चढून बसला, आणि धुरळा उडवत दोघं बागेच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले. ना तिनं आमच्याकडे बघितलं, ना त्यानं. फाटकाशी उभी असलेली एक गाडी, तिच्यात खाली सरकलेली दोन वयस्क माणसं, साफ विसरून गेले.

"अहो, हा घरी कसा येणार?" मी विचारलं.

"ती सोडेल. चला."

"आणि चकल्या?"

ताईंनी डबा मांडीवर घेतला, झाकण उघडलं, एक चकली मला दिली, एक स्वतः मोडली. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला वाटलं आता गातायत की काय.

"आपल्या," त्या म्हणाल्या. "खा. कुणी काही कळवणार नाहीये आपल्याला."

खरंच कुणी कळवलं नाही. संध्याकाळी मी पल्लवीच्या घरावरून जाताना खिडकीत बघितलं, तेव्हा फुलदाणी कागदातून बाहेर काढलेली होती आणि तिच्यात पिवळ्या पानांची एक द्राक्षाची काडी उभी होती. मी ताईंना सांगायला फोन केला. त्यांनी उचलला नाही. दुपारपासून दुसऱ्या कुणाची तरी जुळवाजुळव चालू होती.